कंपनीतर्फे कागद आणायला माणूस पाठवताना: अधिकारपत्रात काय लिहायचं

कंपनीचं कर्ज फिटलं की बँकेत ठेवलेले मूळ कागद परत आणायचे असतात. संचालक स्वतः जात नाहीत, लेखा विभागातल्या कुणाला तरी पाठवतात आणि जाताना त्याच्या हातात चार ओळींचं पत्र देतात: ‘आमचे प्रतिनिधी श्री. अमुक यांना आम्ही पाठवत आहोत. त्यांच्याकडे आमची कागदपत्रे द्यावीत.’ काउंटरवरचा अधिकारी पत्र उलटसुलट पाहतो आणि विचारतो, ‘हे सही कशावर करणार?’ बिचारा हात हलवत परत येतो.

तो प्रश्न रास्त असतो. कागद हातात घेणं ही एक गोष्ट आणि ते मिळाल्याची पावती कंपनीच्या नावाने सही करून देणं ही दुसरी. पहिलं काम कुरिअरवालाही करतो. दुसऱ्यात बँकेची जबाबदारी संपते आणि कंपनीची सुरू होते. उद्या एखादा दस्त सापडला नाही तर बँक तीच पावती पुढे करणार. म्हणून या दोन्ही कामांचा अधिकार पत्रात वेगवेगळा आणि नावानिशी लिहावा लागतो. मी कंपन्यांच्या सचिवीय कामात आहे. परत आलेली अशी पत्रं दुरुस्त करताना मला बहुतेक वेळा एकच उणीव दिसते: ‘घेण्याचा’ अधिकार दिलेला असतो, ‘सही करण्याचा’ नसतो. काही जण उलट टोक गाठतात आणि ‘सर्व प्रकारच्या कागदांवर सह्या करण्याचा अधिकार’ देऊन मोकळे होतात. हे जास्त धोक्याचं, कारण असं पत्र काउंटरवर लगेच चालतं.

पुढे एकच उदाहरण घेऊन जातो. एमआयडीसीच्या भूखंडावर कारखाना असलेली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, तिला अबक म्हणू. कर्ज 28 मे 2025 ला फिटलं. शेडचे मूळ कागद बँकेत तारण होते, ते आणायला लेखापालाला पाठवायचं आहे.

आधी यादी, मग पत्र

पत्र लिहायला बसण्याआधी बँकेकडून त्यांच्या ताब्यातल्या कागदांची यादी मागवा. कर्ज घेताना कागद जमा केले तेव्हाची यादी आपल्या फाइलमध्येही असायला हवी. दोन्ही समोरासमोर ठेवून ताडून पाहा. एमआयडीसीच्या भूखंडाचा मूळ दस्त म्हणजे नोंदणीकृत भाडेपट्टा, कारण ती जमीन साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. त्याच्यासोबत सूची क्रमांक 2, ताबा पावती, मंजूर नकाशा, इमारत पूर्णत्वाचा दाखला आणि भूखंड गहाण ठेवायला एमआयडीसीने दिलेली परवानगी, असे कागद असतात. यांतला एखादा आपल्या यादीत असेल आणि बँकेच्या यादीत नसेल, तर ते आजच कळलेलं बरं. काउंटरवर पाकीट फोडल्यावर कळलं तर लेखापाल तिथे एकटा पडतो.

यादीत दस्ताचं नाव बँकेने लिहिलं आहे तसंच ठेवा, त्याची सुधारणा करत बसू नका. बँकेच्या यादीत एक नाव आणि तुमच्या पत्रात दुसरं असलं की अधिकारी दोन्हींची सांगड घालायला थांबतो, आणि तो थांबला की काम अडतं. प्रत्येक दस्तापुढे तारीख, नोंदणी क्रमांक, पानांची संख्या आणि प्रत मूळ की झेरॉक्स, एवढं यायलाच हवं. पानांची संख्या लोक सर्रास गाळतात. पण 26 पानांच्या भाडेपट्ट्यातून जोडनकाशाचं एक पान गळलं, तर ते दाखवायला तुमच्याकडे तेवढा आकडाच असतो.

पत्रावर सही कुणाची

कंपनी स्वतः सही करू शकत नाही, म्हणून समोरचा माणूस आधी विचारतो की सही करणाऱ्याला हा अधिकार कुणी दिला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 21 प्रमाणे कंपनीतर्फे प्रमाणित करायच्या कागदांवर प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, किंवा संचालक मंडळाने त्यासाठी अधिकार दिलेला अधिकारी वा कर्मचारी सही करू शकतो. व्यवहारात याचा अर्थ असा की अधिकारपत्रासोबत बोर्ड रेझोल्यूशनची प्रमाणित प्रत जोडा. ती प्रत दुसऱ्या संचालकाने किंवा कंपनी सचिवाने प्रमाणित केलेली असावी. ज्याला अधिकार मिळाला त्यानेच आपल्या अधिकाराची प्रत प्रमाणित केली, तर अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडणारच.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की कर्ज घेतानाचं रेझोल्यूशन बँकेच्या नोंदीत असतं आणि त्यात बरेचदा ‘दोन संचालकांनी संयुक्तपणे’ असं लिहिलेलं असतं. मग एका संचालकाच्या सहीचं अधिकारपत्र कितीही सुबक असो, परत येणार. त्यातला एक संचालक मधल्या काळात पायउतार झाला असेल, तर नवं रेझोल्यूशन करण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा खड्डा दिसत नाही. बोर्डाने वित्त व्यवस्थापकाला ‘कागदपत्रे स्वीकारण्याचा’ अधिकार दिला आणि व्यवस्थापकाने आपल्या सहीने तो लेखापालाला देऊन टाकला. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 190 साधारण असं सांगतं की जे काम प्रतिनिधीने स्वतः करायचं पत्करलं, ते तो दुसऱ्यावर सोपवू शकत नाही. व्यापारातली रीत किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल तेवढाच अपवाद. तेव्हा रेझोल्यूशनमध्येच एक वाक्य घाला: ‘संचालक श्री. … यांना या कामासाठी एक प्रतिनिधी नेमण्याचा आणि त्याची सही प्रमाणित करण्याचा अधिकार देण्यात येत आहे.’ या वाक्यामुळे बोर्डापासून काउंटरवरच्या माणसापर्यंत साखळी अखंड राहते.

पत्र लेटरहेडवरच हवं. कलम 12 प्रमाणे कंपनीच्या लेटरहेडवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, 21 अक्षरांकी सीआयएन, फोन आणि ई-मेल, तसंच असल्यास वेबसाइट छापलेली असावी लागते. जुन्या पत्त्याच्या उरलेल्या लेटरहेडवर पत्र दिलं तर बँकेच्या नोंदीशी पत्ता जुळत नाही, आणि या क्षुल्लक कारणावरून फेरी फुकट गेलेली मी पाहिली आहे. शिक्क्याचं म्हणाल तर 2015 च्या दुरुस्तीनंतर कंपनीची मुद्रा, म्हणजे कॉमन सील, ऐच्छिक झाली आहे. तरी सहीखाली कंपनीचा गोल रबरी शिक्का मारा. काउंटरवर त्याची अपेक्षा असते आणि त्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

माणूस ओळखता आला पाहिजे

प्रतिनिधीचं नाव त्याच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. ऑफिसात सगळे ज्याला ‘बाळासाहेब’ म्हणतात, त्याचं आधारवरचं नाव वेगळं असतं. हुद्दा, कर्मचारी क्रमांक, आणि कोणतं ओळखपत्र तो सोबत आणणार आहे, हे लिहा. आधारचा पूर्ण क्रमांक पत्रात देऊ नका. शेवटचे चार आकडे पुरतात, कारण हे पत्र बँकेच्या फाइलीत कायमचं राहणार आहे. मूळ ओळखपत्र मात्र त्याने खिशात ठेवावं, नुसती झेरॉक्स नको.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे नमुना सही. प्रतिनिधीने पत्रावर सही करायची आणि शेजारी संचालकाने ती प्रमाणित करायची. पावतीवरची सही याच नमुन्याशी ताडली जाते. ज्याला मराठीतही आणि इंग्रजीतही सही करायची सवय आहे, त्याला आधीच बजावा की दोन्हीकडे एकच सही.

सहीचं वाक्य

पत्राचा जीव इथे आहे. बँकेची छापील पावती नीट वाचा. तिच्यात बरेचदा ‘वरील सर्व कागदपत्रे सुस्थितीत मिळाली, आता आमची बँकेविरुद्ध कोणतीही मागणी राहिलेली नाही’ अशा अर्थाची ओळ असते. पहिला अर्धा भाग पोच आहे आणि दुसरा अर्धा हक्कसोड. जादा व्याजाचा किंवा मुदतपूर्व फेडीच्या शुल्काचा वाद अजून मिटलेला नसेल, तर त्या दुसऱ्या अर्ध्यावर लेखापालाची सही पडता कामा नये. पण पत्रात ‘सर्व पावत्यांवर सही करण्याचा अधिकार’ लिहिला असेल, तर त्याने सही करायला नको होती असं नंतर म्हणणं कंपनीला जड जाईल.

म्हणून अधिकार मोजून द्यायचा: यादीतले कागद तपासणं, प्रत्यक्ष मिळाले तेवढेच ताब्यात घेणं, तेवढ्यांचीच पोच देणं, आणि काही कमी किंवा खराब असेल तर पावतीवर तसा शेरा लिहिणं. शेरा लिहिण्याचा अधिकार नावानिशी असला पाहिजे. नाहीतर अधिकारी म्हणतो, ‘खाडाखोड चालत नाही’, आणि प्रतिनिधी गप्प बसतो. काय करायचं नाही तेही लिहा: मागणी सोडून देणं, तडजोड करणं, पैसे किंवा चेक घेणं, हा अधिकार पुढे दुसऱ्याला देणं.

पैसे आणि चेक वेगळे काढण्याला आणखी एक कारण आहे. 5,000 रुपयांवरच्या रकमेची किंवा चेकची पावती दिली तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. नुसते दस्त परत मिळाल्याच्या पोचेला ते लागत नाही. परताव्याचा चेक पाकिटातच ठेवलेला असेल, तर एकाच पावतीत दोन निराळे व्यवहार मिसळतात. चेक घ्यायचाच असेल तर त्याचा क्रमांक आणि रक्कम लिहून त्याचा अधिकार स्वतंत्र परिच्छेदात द्या.

नमुना

अबक कंपनीसाठी पत्राचा मजकूर असा होईल. रिकाम्या जागा आपापल्या नोंदीवरून भरा.

> (कंपनीचं लेटरहेड)
> जावक क्रमांक: …… दिनांक: 9 जून 2025
>
> प्रति,
> शाखा व्यवस्थापक, …… बँक, …… शाखा
>
> विषय: कर्ज खाते क्रमांक …… : मूळ कागदपत्रे ताब्यात घेणे व पोचपावतीवर सही करणे यांसाठी अधिकारपत्र
>
> महोदय,
> वरील कर्ज खाते दि. 28 मे 2025 रोजी पूर्ण फेडून बंद झाले आहे. संचालक मंडळाच्या दि. …… च्या ठरावान्वये (प्रमाणित प्रत सोबत) मिळालेल्या अधिकारात आम्ही श्री. ……, लेखापाल, कर्मचारी क्र. ……, वाहन परवाना क्र. …… यांना कंपनीतर्फे फक्त पुढील कामांसाठी अधिकार देत आहोत:
>
> 1. सोबतच्या परिशिष्टातील अ. क्र. 1 ते 7 ही कागदपत्रे पानांसह तपासणे.
> 2. त्यांपैकी प्रत्यक्ष दिलेली कागदपत्रे कंपनीतर्फे ताब्यात घेणे.
> 3. मिळालेल्या कागदपत्रांपुरती पोचपावती कंपनीतर्फे सही करून देणे आणि न मिळालेल्या, अपुऱ्या वा खराब कागदपत्रांबाबत पावतीवर शेरा लिहिणे.
>
> कंपनीची कोणतीही मागणी वा हक्क सोडून देणे, तडजोड करणे, रोख रक्कम, चेक वा ड्राफ्ट स्वीकारणे, किंवा हा अधिकार अन्य व्यक्तीस देणे यांचा अधिकार त्यांना नाही.
>
> हे पत्र दि. 20 जून 2025 पर्यंत किंवा वरील काम पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच वैध आहे. या मर्यादेत त्यांनी केलेली सही कंपनीवर बंधनकारक राहील.
>
> प्रतिनिधीची नमुना सही: …………
> वरील सही माझ्यासमोर झाली आहे: …………
>
> अबक इंजिनिअरिंग प्रायव्हेट लिमिटेड करिता
> (सही, नाव, संचालक, डीआयएन, शिक्का)
>
> सोबत: कागदपत्रांचे परिशिष्ट, ठरावाची प्रमाणित प्रत, प्रतिनिधीच्या ओळखपत्राची स्वप्रमाणित प्रत

‘कंपनीवर बंधनकारक राहील’ ही ओळ बँकेसाठी असते, ती गाळली तर अधिकारी पत्र स्वीकारायला कचरतो. तिच्या आधीचे ‘या मर्यादेत’ हे दोन शब्द मात्र तुमच्यासाठी आहेत, ते कुणाच्या सांगण्यावरून खोडू नका. परिशिष्टाच्या प्रत्येक पानावरही संचालकाची सही घ्या, नाहीतर पान बदललं तर ओळखायचं कसं?

परिशिष्टात सातवा कागद म्हणून कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला घातला आहे. तो जुन्या ठेवलेल्या कागदांत नसतो, बँक नव्याने देते, आणि म्हणूनच यादीतून सुटतो. पण त्याच्याशिवाय पुढचं काम अडतं. कंपनी निबंधकाकडे नोंदवलेला बोजा उतरवायला कलम 82 प्रमाणे फॉर्म CHG-4 कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत भरायचा असतो, आणि त्याला बँकेचं असं पत्र जोडावं लागतं. आपल्या उदाहरणात ही मुदत 27 जूनला संपते. पत्राची वैधता 20 जूनपर्यंत ठेवली ती त्याच हिशोबाने, फेरी फुकट गेली तरी आठवडा हाताशी राहावा म्हणून. मुदत उलटल्यावरही जादा शुल्क भरून 300 दिवसांपर्यंत फॉर्म भरता येतो, पण विनाकारण पैसे का घालवायचे?

काउंटरवर

पत्राच्या दोन मूळ प्रती न्या. एक बँकेला द्या आणि दुसरीवर स्वीकारल्याची तारीख, सही आणि शिक्का घ्या. आदल्या दिवशी शाखेला फोन करून पाकीट आल्याची खात्री करा, कारण मूळ दस्त बरेचदा शाखेत नसतात, दुसरीकडच्या साठवण केंद्रातून मागवावे लागतात.

आता समजा, लेखापालाने पाकीट उघडलं आणि अ. क्र. 6, गहाण ठेवायला एमआयडीसीने दिलेली परवानगी, त्यात नाही. अधिकारी म्हणतो, ‘सही करून टाका, मिळाली की पाठवतो.’ लेखापालाने सहा कागद घ्यावेत आणि पावतीच्या दोन्ही प्रतींवर लिहावं: ‘अ. क्र. 1 ते 5 आणि 7 मिळाले. अ. क्र. 6 मिळाले नाही.’ शेऱ्याखाली आपली सही करावी आणि अधिकाऱ्याचीही घ्यावी. ‘आता आमची कोणतीही मागणी नाही’ ही छापील ओळ असेल तर आपल्या पत्रातला परिच्छेद दाखवून ती खोडून घ्यावी. अधिकारी ऐकत नसेल तर सही न करता, कागद न घेता परत यावं आणि त्याच दिवशी संचालकाने शाखेला ई-मेल करावा. फेरी वाया जाते खरी, पण मूळ भाडेपट्टा हरवल्याची भानगड त्याहून कितीतरी मोठी असते.

पावतीवर सही कशी करायची हेही त्याला आधी सांगून ठेवा. नुसती सही केली तर ती त्याची व्यक्तिगत वाटते, आणि संचालकाचा शिक्का मारला तर ते चुकीचंच. वर ‘अबक इंजिनिअरिंग प्रायव्हेट लिमिटेड करिता’, खाली सही, नाव, ‘अधिकृत प्रतिनिधी, दि. 9 जून 2025 च्या अधिकारपत्रान्वये’. तारीख आणि वेळ हाताने लिहावी.

एक गोष्ट ओघाने. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाचा हवाला देऊन काही जण काउंटरवर भांडतात की 30 दिवसांत कागद दिले नाहीत तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्या. ते परिपत्रक व्यक्तींनी घेतलेल्या वैयक्तिक कर्जांसाठी आहे, ज्यात घरकर्जही येतं. कंपनीच्या व्यावसायिक कर्जाला ते पुढे करून काही साधत नाही.

हे पत्र कुठे पुरत नाही तेही लक्षात असू द्या. दुय्यम निबंधकाकडे कंपनीतर्फे दस्त सादर करायला असं साधं पत्र चालत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे रीतसर केलेलं आणि प्रमाणित झालेलं मुखत्यारपत्रच तिथे लागतं. कुरिअर, कर खातं, पुरवठादार यांच्याकडून कागद घ्यायला मात्र वरचाच सांगाडा विषय आणि यादी बदलून वापरता येतो.

परत आल्यावर

कागद कंपनीत आले की लेखापालाकडून तेच परिशिष्ट समोर ठेवून, पानं मोजून ते ताब्यात घ्या आणि जावक रजिस्टरातल्या पत्राच्या नोंदीसमोर तारीख टाका. न मिळालेल्या अ. क्र. 6 साठी नवं पत्र काढा. जुनं पुन्हा वापरू नका, त्याची मुदत संपलेली असेल.

आणि मुदत संपायच्या आत तो लेखापाल नोकरी सोडून गेला तर? त्याच्याकडून मूळ पत्र काढून घेणं पुरत नाही. करार कायद्याच्या कलम 208 प्रमाणे प्रतिनिधीचा अधिकार काढून घेतल्याचा परिणाम तिऱ्हाइताच्या बाबतीत, त्याला ते कळल्यापासूनच होतो. बँकेला कळवलं नाही आणि त्याने जाऊन पाकीट सोडवून आणलं, तर बँकेने दिलेले कागद योग्य माणसाला दिले असंच धरलं जाईल. म्हणून त्याच दिवशी शाखेला पत्र आणि ई-मेल दोन्ही पाठवा, त्यात अधिकारपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.